डर्बिन-वॉटसनवर थांबू नका

> तिमाही महागाईच्या रिग्रेशनमध्ये मागच्या तिमाहीची महागाईही घेतली आहे. डर्बिन-वॉटसन १.९२ आलाय, म्हणजे ऑटोकोरिलेशन नाही ना?

असं म्हणता येणार नाही. अवलंबी चलाचा लॅग उजव्या बाजूला असला की हा आकडा आपोआप २ कडे झुकतो, त्यामुळे १.९२ दिसायला छान, पण पुरावा म्हणून कुचकामी. शिवाय तो फक्त पहिल्या लॅगचं बघतो. तिमाही डेटात खरी गडबड बहुधा चौथ्या लॅगला असते (भाजीपाल्याचे भाव दरवर्षी त्याच सुमारास चढतात).

ऑटोकोरिलेशनसाठी ब्रॉइश-गॉडफ्री लावा, सोबत हेटेरोस्केडॅस्टिसिटीसाठी ब्रॉइश-पेगन; m म्हणजे तुमचं lm मॉडेल:

```r
library(lmtest)
bgtest(m, order = 4)
bptest(m)
```

bgtest मध्ये रेसिड्युअल्सचं रिग्रेशन मूळ चलं आणि स्वतःच्याच चार लॅग्जवर होतं. समजा ८० निरीक्षणं आहेत आणि R² ०.१५ आला, तर चाचणीचा आकडा ८० × ०.१५ = १२. काय-स्क्वेअरची चार डिग्रीज ऑफ फ्रीडमना ५ टक्क्यांची मर्यादा ९.४९ आहे, आकडा तिच्या वर आहे, म्हणजे ऑटोकोरिलेशन आहे.

इथे बरेच जण न्यूई-वेस्ट लावून मोकळे होतात. पण तुमच्या मॉडेलमध्ये लॅग असल्याने गुणकच चुकीचे येतात, नुसत्या स्टँडर्ड एरर दुरुस्त करून काय उपयोग? आधी आणखी लॅग किंवा तिमाही डमी घाला, bgtest पुन्हा चालवा. bptest चा निकाल त्यानंतरच वाचा, कारण ऑटोकोरिलेशन उरलं असेल तर त्याच्या p-value वर भरवसा ठेवता येत नाही. तेव्हाही हेटेरोस्केडॅस्टिसिटी निघालीच, तर रोबस्ट स्टँडर्ड एरर पुरतात.