ऑलिव्ह तेलाच्या पत्रकावर 'कडू' लिहायचं की नाही?

सुखदा_कोथरूड: इटलीतल्या पुलियाहून आलेल्या ऑलिव्ह तेलाचं मराठी पत्रक हाती पडलं. मूळ 'फ्रुत्तातो इन्तेन्सो, आमारो ए पिक्कान्ते'. मराठीत काय, तर 'फळांचा तीव्र स्वाद, कडू आणि तिखट'. कडू तेल कोण विकत घेणार? 'रसाळ आणि चमचमीत' लिहिलं तर काय बिघडतं?

अबोली: खूप बिघडतं. मी हीच कामं करते, म्हणून राग आलाय आणि तो लपवत नाही. हे तीन शब्द जाहिरातीचे नाहीत. प्रशिक्षित चाखणारे या तीन गुणांना आकडे देतात, आणि युरोपात लेबलावर हे शब्द त्या चाचणीच्या आधारावरच छापता येतात. तिथे 'चमचमीत' घातलं की मोजलेली गोष्टच पुसली जाते.

पत्रकही चुकलंय, पण वेगळ्या जागी. फ्रुत्तातो म्हणजे ताज्या ऑलिव्हचा वास. 'फळांचा स्वाद' वाचून माणूस संत्रं नाहीतर आंबा शोधत बसेल. 'तिखट' म्हटलं की आपल्याला मिरची आणि भाजलेली जीभ आठवते. या तेलाचं पिक्कान्ते गिळल्यावर, जरा वेळाने घशात कळतं आणि खोकला येतो. त्यामागे ऑलिओकॅन्थल नावाचा घटक आहे. तो आयबुप्रोफेनसारखाच घशाला झोंबतो, हे २००५ मध्ये प्रसिद्ध झालं. यासाठी मराठीत 'ठसका' असा नेमका शब्द असताना 'तिखट' कशाला?

खरी अडचण 'आमारो'ची आहे. आपल्याकडे दाणे किंवा तेल कडवट लागलं की ते खवट झालं समजतात. इटालियनमध्ये खवटाला 'रान्चिदो' म्हणतात आणि तो दोष आहे. आमारो हा गुण. म्हणून कोरातिना जातीच्या तेलासाठी मी लिहिलं होतं: 'ताज्या ऑलिव्हचा दाट वास, मेथीच्या पाल्यासारखा कडूपणा, गिळल्यावर घशात ठसका.'

विनायक_मिलान: मेथी कुठून आली? चाखणाऱ्यांनी मेथी लिहिलेली नाही. सुखदाताईंना चमचमीत घालू नका म्हणता आणि स्वतः भाजी घालता!

अबोली: मी चव सांगितली, वास नाही. पण वाचणाऱ्याला मेथीचा वास अपेक्षित होईल हे खरं. बरं, मेथी काढते. 'हिरव्या पाल्यासारखा कडूपणा' यावर मात्र मी अडून राहणार.

घाणेवाला_सातारा: कडू-तिखट राहू द्या, त्याच पत्रकात पुढे काय लिहिलंय ते बघा: 'लाकडी घाण्यावर काढलेलं'! माझा शेंगदाण्याचा घाणा आहे. ग्राहक येऊन म्हणतो, इटलीचं घाण्याचं तेल मिळतं. कुठे असतो हो इटलीत लाकडी घाणा?

विनायक_मिलान: मूळ शब्द 'एस्त्रात्तो आ फ्रेद्दो' असणार. म्हणजे कोल्ड प्रेस्ड. घाण्याचं तेलही कोल्ड प्रेस्डच की. चूक काय?

अबोली: अर्धंच बरोबर. २७ अंशांखाली काढलेलं, एवढाच त्याचा अर्थ. त्यात दाबणं येतच नाही. ऑलिव्ह दळतात, लगदा मळतात आणि बहुतेक ठिकाणी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून तेल वेगळं करतात. दाबून काढलेल्याला 'प्रीमा स्प्रेमितूरा आ फ्रेद्दो' हा वेगळा शब्द आहे. तोही जुन्या हायड्रॉलिक प्रेसवरच काढलं असेल तर लिहिता येतो. दोन्हींना 'कोल्ड प्रेस्ड' म्हणणं ही इंग्रजी पत्रकातून आलेली चूक. 'कमी तापमानात काढलेलं' लिहा, संपलं.

घाणेवाला_सातारा: संपलं कसं? आमच्या बैलघाण्याला मागास म्हणून हसलात आणि आता त्याचंच नाव परदेशी बाटलीवर?

सुखदा_कोथरूड: दादा, तुम्हाला कोणी हसलेलं नाही. विषय अनुवादाचा आहे.

घाणेवाला_सातारा: माझाही तोच आहे. माझा शब्द घेतलाय.

रेवती_फिरेन्झे: वाइनची पत्रकं याहून बेजार करतात. 'क्यान्ती क्लास्सिको'चं 'अभिजात क्यान्ती' केलेलं पाहिलंय. क्लास्सिको म्हणजे त्या वाइनचा मूळ, जुना प्रदेश. 'फात्तोरिया'चं 'कारखाना' केलं होतं, तो तर शेतमळा! 'मोन्तेपुल्चानो'ने मी स्वतः फसले. 'मोन्तेपुल्चानो द'आब्रुत्झो'मध्ये ते द्राक्षाचं नाव. 'व्हीनो नोबिले दी मोन्तेपुल्चानो'मध्ये ते तोस्कानातलं गाव, आणि द्राक्ष मुख्यतः सान्जोवेझे. दोन्हींना मी 'मोन्तेपुल्चानो गावची वाइन' लिहिलं आणि सगळी पत्रकं पुन्हा छापावी लागली. तेव्हापासून गाव की द्राक्ष, हे आधी तपासते.

विनायक_मिलान: म्हणूनच म्हणतो, जागेची नावं आणि असे शब्द तसेच ठेवा.

अबोली: नावं ठेवा. आमारो ठेवलात तर वाचणाऱ्याला काहीच कळणार नाही.

सुखदा_कोथरूड: ठीक आहे, 'चमचमीत' मागे घेते. पण कडू हा शब्द दुकानात चालेल हे मला अजून पटलेलं नाही. आणि त्याच पत्रकात 'सेन्तोरे दी कार्चोफो' आहे. आर्टिचोक न खाल्लेल्या माणसाला त्याचा वास कसा सांगणार, अबोली?

अबोली: 'आर्टिचोकचा वास' एवढंच लिहिते. बदाम, टोमॅटोचं चुरगळलेलं पान, नुकतं कापलेलं गवत हे मराठीत सहज सांगता येतं. याला मला अजून शब्द सापडलेला नाही.