शब्दचर्चा: मीम ‘तळणे’ म्हणजे नेमकं काय?

सिडकोवाली: पोरं हल्ली सर्रास म्हणतात, ‘हा मीम तळून दे.’ म्हणजे रंग भडक, सगळीकडे खरखर, फोटोचं पार वाटोळं. यासाठी ‘बिघडवणे’ पुरेसं नाही का? आणि वाटोळं झालेलं बघून हसू का येतं?

मेनरोड: त्यात काय एवढं? फोटो दहा ग्रुपांतून फॉरवर्ड झाला की आपोआप तळला जातो.

पिक्सेलपाटील: अर्धं बरोबर. कल्पना तिथूनच आली. स्क्रीनशॉटचा स्क्रीनशॉट काढत फोटो हातोहात फिरला की त्यावर मळ चढतो, आणि तळलेला मीम त्या मळाची नक्कल दहापट वाढवून करतो. पण नुसत्या फॉरवर्डने काही होत नाही, तीच फाइल पुढे जाते. जेपेग फाइल त्याच क्वालिटीवर पन्नासदा सेव्ह करून बघा, पहिल्या काही वेळांनंतर फारसा फरक पडत नाही. कारण जेपेग फोटोचे छोटे चौकोन पाडून ते दाबतं. हे चौकोन ८ बाय ८ पिक्सेलचे असतात आणि दर वेळी त्याच जागी पडतात. आकार किंचित बदलला की ते नव्या जागी पडतात, आणि मग खरी नासाडी सुरू होते.

फ्लेक्सवाले काका: आमच्याकडे वाढदिवसाच्या बॅनरला फोटो येतात ते असेच चौकोनी चौकोनी. म्हणजे गिऱ्हाईक आम्हाला तळलेले फोटो पाठवतं का?

पिक्सेलपाटील: नाही काका, ते नुसते दाबलेले. गिऱ्हाइकाला सांगा, फोटो व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. तळण्यात हेतू लागतो, म्हणून ‘बिघडवणे’ इथे अपुरं पडतं.

उदाहरण मिसळीचंच घेऊ. प्लेटचा साधा फोटो, वर मजकूर: ‘पाव संपले’. स्वच्छ फोटोत ही नुसती सूचना आहे, कुणी हसणार नाही. आता इमेजमॅजिक या प्रोग्रॅममध्ये तळा:

```
magick misal.jpg -resize 400x -modulate 100,250 -quality 5 a.jpg
magick a.jpg -resize 103% -sharpen 0x4 -quality 8 b.jpg
magick b.jpg -implode -0.4 -attenuate 0.4 +noise Gaussian -quality 30 c.jpg
```

पहिल्या ओळीत फोटो ४०० पिक्सेल रुंद होतो आणि रंग अडीचपट भडकतो. तर्रीचा लाल रंग कमाल मर्यादेला टेकतो, त्यातले तेलाचे थेंब वेगळे दिसेनासे होतात आणि एकच लाल पट्टा उरतो. क्वालिटी ५ वर चौकोन स्पष्ट उमटतात. रंगाचे चौकोन तर १६ पिक्सेलचे होतात, म्हणून लाल रंग प्लेटच्या कडेबाहेर सांडतो. दुसऱ्या ओळीतले १०३ टक्के म्हणजे मघाशी म्हटलेली जागा बदलण्याची युक्ती. तिसरीत मधला भाग फुगतो आणि खरखर येते.

क्रम चुकला की फसतं. स्वच्छ फोटोवर आधीच शार्पन मारलं तर तो नुसता टोकदार दिसतो, कारण उठाव द्यायला चौकोनच नसतात. खरखर आधी घातली तर क्वालिटी ५ ती बरीचशी गिळून टाकते.

सिडकोवाली: कृती कळली. पण हसू?

पिक्सेलपाटील: तर्री आता लाव्हारसासारखी दिसते, आणि जगबुडीच्या त्या चित्रावर लिहिलंय ‘पाव संपले’. बातमी एवढीशी आणि आकांत एवढा मोठा, ही तफावतच विनोद आहे. दुसरं म्हणजे, सगळे ॲप फोटो देखणा करायला बसलेत. तीच बटणं इथे उलट्या कामाला जुंपलेली दिसतात. म्हणून फोटो थोडासा खराब चालत नाही. थोडासा खराब म्हणजे बनवणाऱ्याला जमलं नाही असं वाटतं, मुद्दाम केलंय हे दिसलंच पाहिजे.

मेनरोड: मग २०१७च्या सुमारास रेडिटच्या r/DeepFriedMemes वर असायचे तसे डोळ्यांतले झगझगाट आणि रडून हसणारे इमोजी सगळीकडे चिकटवा की.

पिक्सेलपाटील: चिकटवा, पण तळण्याआधी. नंतर लावलेला इमोजी स्वच्छच राहतो, आणि ठिगळ ओळखू येतं.

अनुस्वार: मराठीत एक अडचण वेगळी आहे. इंग्रजीची जाड मोठी अक्षरं बराच मार सोसतात, आपल्या मात्रा-अनुस्वारांना तो सोसत नाही. ४०० पिक्सेलच्या फोटोत अक्षर लहान ठेवलं तर ‘संपले’वरचा टिंब चौकोनात विरघळतो आणि ‘पाव सपले’ उरतं. मजकूर जाड टाइपात, निदान ५० पिक्सेल उंच ठेवा. वाचताच येत नसेल तर तो तळलेला नव्हे, करपलेला.

मेनरोड: ‘सपले’ जास्त मजेशीर आहे की!

अनुस्वार: ज्याला मूळ मजकूर माहीत आहे त्याला. बाकीच्यांना ती शुद्धलेखनाची चूक वाटेल.

सिडकोवाली: आणि जुनाच विनोद परत आला तर? त्यालाही तळलेला म्हणतात आमच्याकडे.

अनुस्वार: तो शिळा म्हणा. अर्थात शिळा मीम तळून पुन्हा वाढतात, आणि तेव्हा हसू विनोदाचं येतं की तो पुन्हा वाढल्याचं, यावर आमच्याकडे दोन तट आहेत.

फ्लेक्सवाले काका: गिऱ्हाइकाने मुद्दाम तळलेला फोटो बॅनरला दिला तर छापायचा का?

पिक्सेलपाटील: छापा, पण फोटो मोठा करताना ‘नियरेस्ट नेबर’ निवडा. नाहीतर सॉफ्टवेअर चौकोनांच्या कडा मऊ करेल आणि गिऱ्हाईक म्हणेल, फोटो खराब केलात.