मदत हवी आहे: पादचारी पुलाचा रेंडर खोटा वाटतोय, काच नीट जमत नाहीये

मृण्मयी_प
आंबील ओढ्यावर पादचारी पूल आहे, स्टील एकदम सडपातळ, वर काचेचं छप्पर. ब्लेंडर, सायकल्स. शुक्रवारी ज्युरी आहे. सर म्हणाले, "पूल हवेत तरंगतोय." काचेचं मटेरियल तीनदा बदललं, तरी तेच. छपराखाली काळपट सावलीपण पडतेय. काचेचं चांगलं सेटिंग कुणी द्याल का? घाई आहे.

रेंडरवाला_कोथरूड
काचेचा `IOR` 1.5 ठेव आणि काचेच्या तावाला थोडी जाडी दे, कडेला हिरवट छटा आली पाहिजे. काळी सावली सायकल्समध्ये येतेच. `Mix Shader` मध्ये `Glass BSDF` आणि `Transparent BSDF` जोड, आणि `Fac` ला `Light Path` चं `Is Shadow Ray` लाव. बाकी ढगाळ आकाश टाकलंस की तरंगणं जाईल.

सुहास_स्ट्रक्चर
सावलीचा उपाय बरोबर आहे, पण तरंगणं आकाशाने जाणार नाही. गाळा किती? डेकची जाडी? खांब कुठे आहेत?

मृण्मयी_प
सर, गाळा २७ मीटर, रुंदी २.४. डेक २०० मिमी. मध्ये खांब नाही. छप्पर ६० मिमीच्या पाइपांवर, दर ३ मीटरला एक पाइप. डेकपासून छपरापर्यंत तिरक्या सळ्या आहेत, त्या शोभेसाठी. पुलाची टोकं काठावरच्या गवतात जातात.

अनिकेत_७१
मध्ये वाय आकाराचा एक खांब दे, सगळे प्रश्न संपले. माझ्या थीसिसला मी तेच केलं होतं.

सुहास_स्ट्रक्चर
अनिकेत, २०१९ च्या सप्टेंबरात याच ओढ्याला काय पूर आला होता ते आठव. पात्रात खांब उभा केला की त्याला गाळ-कचरा अडकतो आणि पाणी तुंबतं. तिने मोकळा गाळा ठेवलाय ते योग्यच आहे.

मृण्मयी, नुसत्या तुळयांवर २७ मीटर जायचं तर तुळईची खोली मीटरभर तरी लागते. तू २०० मिमी दाखवलीस आणि वरचं छप्पर वेगळं उभं केलंस, म्हणून वजन कुठून खाली जातं ते डोळ्याला सापडत नाही. छपरालाच कामाला लाव. दोन्ही बाजूंना डेकपासून छपराच्या कडेपर्यंत ३ मीटर उंचीची कैची समज. वरची कड १५०ची चौकोनी नळी, उभे १००चे आणि अगदी टोकाचे उभे १५०चे, कारण सगळं वजन शेवटी त्यांच्यातूनच उतरतं. मग डेक २०० मिमी खपतो.

आता सळ्या. त्या ओढल्या गेल्या तरच काम करतात, दाबल्या तर वाकतात. म्हणून प्रत्येक सळी टेकूकडच्या उभ्याच्या माथ्यापासून निघून पुलाच्या मध्याकडे खाली उतरली पाहिजे. दोन उभ्यांमधली जागा एक गाळा धरली तर तुझे ९ गाळे होतात, म्हणजे दोन्हीकडे चार-चार, आणि मधल्या पाचव्यात फुली. जाडी टोकाला ३६ मिमी, मध्याकडे २५. हे ढोबळ आकडे आहेत, डिझाइन नव्हे.

रेंडरवाला_कोथरूड
ज्युरीत सळ्यांची दिशा कोण बघतं? प्रकाश नीट असला की पुरतं.

सुहास_स्ट्रक्चर
बघतात. माझ्या ऑफिसात आलेल्या एका रेंडरमध्ये सगळ्या सळ्या उलट्या होत्या. क्लायंटला नेमकं काय चुकलं ते सांगता आलं नाही, पण "हे पडेल" असं तो लगेच म्हणाला.

वंदना_काकू
आमच्या सोसायटीत पार्किंगपासून लिफ्टपर्यंत काचेचं छप्पर केलंय. पहिल्याच पावसाळ्यात सांध्यांतून गळायला लागलं, उतार नीट दिला नव्हता. दोनदा सिलिकॉन भरून झालं. कबुतरांची घाण वेगळीच. आधी ती कशी धुणार ते ठरवा.

मृण्मयी_प
काकू, ते मी दाखवलंच नव्हतं. आता एका बाजूला उतार आणि पन्हळ देते.
सर, माझ्या सळ्या खरंच उलट्या होत्या! उलटवल्या, तेवढ्यानेच चित्र सावरलं. पण टोकांचं काय करू?

सुहास_स्ट्रक्चर
गवतात पुरू नकोस. काँक्रीटचा टेकू दाखव, त्यावर बेअरिंग, त्यावर टोकाचा उभा. एका टोकाला बोल्ट पक्के, दुसरं सरकतं. तापमानात ४० अंशांचा फरक पडला तर २७ मीटर स्टील साधारण १३ मिमी लांबतं, म्हणून तिथे २५ मिमीची फट आणि वर झाकणपट्टी. जवळच्या कॅमेऱ्यातून ती फट आणि तिच्यातली सावली दिसू दे.

एक राहिलंच. वरची कड दाबात आहे, ती बाजूला फुगू शकते आणि काच तिला धरून ठेवणार नाही. छपराच्या पातळीत आडव्या फुल्या हव्यात.

मृण्मयी_प
फुल्या दिल्या तर काचेतून आकाश मोकळं दिसत नाही. छप्पर काचेचं केलं ते त्यासाठीच.

अनिकेत_७१
फुल्या नकोत. दर ३ मीटरला दोन उभे, वरची आडवी तुळई आणि डेकखालची तुळई पक्की वेल्ड करून चौकट कर, तीच कडेला धरेल.

सुहास_स्ट्रक्चर
धरेल, पण मग १००चे उभे पुरतील का ते गणित करूनच सांगता येईल. मी असतो तर निदान टोकाच्या दोन गाळ्यांत फुली ठेवली असती.

मृण्मयी_प
आज रात्री दोन्ही रेंडर काढते आणि इथेच टाकते.