मदत हवी आहे: मुलाखतीनंतरच्या निर्णय मीटिंगमध्ये एकाच पॅनेलिस्टचं चालतं, मीटिंग कशी चालवू?

रेवा_एच
नमस्कार मंडळी. सपोर्ट टीमसाठी लीड निवडायचा आहे. पॅनेल चौघांचं: ज्यांच्या टीममध्ये हा माणूस येणार ते मॅनेजर, एक सीनियर इंजिनीअर, दुसऱ्या टीमची लीड आणि एक ज्युनियर इंजिनीअर. तीन उमेदवारांच्या मुलाखती उद्या संपतील, निर्णयाची मीटिंग परवा.

अडचण अशी की मीटिंग सुरू होताच सीनियर इंजिनीअर पहिलं वाक्य टाकतात, "दुसरा नको, त्याच्यात दम नाही." मग बाकीचे एकेक करत "हो, मलाही थोडं तसंच वाटलं" म्हणतात. फॉर्म मीटिंगनंतर भरले जातात आणि चारही सारखेच निघतात. त्यांचं म्हणणं बऱ्याचदा बरोबर असतं, त्यामुळे त्यांना पॅनेलमधून काढायचं नाहीये. मीटिंग मी चालवते, पण पदाने त्यांच्यापेक्षा बरीच खाली आहे. नेमकं काय बदलू?

मधला_बाक
सोपं आहे. मीटिंगच नको. प्रत्येकाने आपापले गुण द्यायचे, एक्सेलमध्ये सरासरी काढायची, ज्याची जास्त तो घ्यायचा. आकड्यांना आवाज नसतो.

तात्या_लेखणी
प्रत्येकाला प्रश्न वाटून द्या आणि वेळ ठरवून द्या. एकच जण सगळे प्रश्न विचारतो तिथे उमेदवारही बिचकतो. आमच्याकडे घंटी ठेवली आहे.

रेवा_एच
तात्या, मुलाखतीत ते व्यवस्थित वागतात हो. प्रश्न मुलाखतीनंतर आम्ही चौघं बसतो तेव्हाचा आहे.

सुलभा_का
रेवा, मीटिंगमध्ये जे दिसतंय त्याचं मूळ आधीच्या टप्प्यात आहे. फॉर्म मीटिंगनंतर भरला जातो, म्हणजे मीटिंगला येताना तिघांकडे स्वतःचं असं काहीच नसतं, नुसता अंदाज असतो. अंदाज पहिल्या ठाम वाक्यापुढे टिकत नाही. कागदावर लिहिलेलं मत बदलायला मात्र कारण द्यावं लागतं.

म्हणून पहिला बदल हा: मुलाखत ज्या दिवशी झाली त्याच दिवशी फॉर्म आला पाहिजे, आणि आपला फॉर्म देईपर्यंत दुसऱ्याचा दिसता कामा नये. सगळ्यांसाठी एकच शेअर केलेली शीट असेल तर ती आजच बंद करा. उशिरा भरणारा आधी वरचे आकडे बघतो आणि नकळत त्यांच्या जवळपासचा आकडा टाकतो. जेवणाच्या सुट्टीतलं "काय, कसा वाटला?" हेही थांबवायला सांगा. फॉर्म येण्याआधी उमेदवाराबद्दल एक शब्द नाही, इतकाच नियम.

फॉर्म लहान ठेवा. या पदासाठी चार निकष पुरे: अडचण शोधणं, ग्राहकाशी बोलणं, टीम सांभाळणं, लिहून कळवणं. गुण १ ते ४. पाच ठेवले की सगळे ३ वर जाऊन बसतात. चारात मधली जागा नसल्यामुळे इकडे की तिकडे हे ठरवावंच लागतं. प्रत्येक गुणाखाली दोन ओळी: काय विचारलं, उमेदवार काय म्हणाला. ज्याने तो निकष तपासलाच नाही त्याने "विचारलं नाही" लिहायचं, अंदाजाने २ टाकायचा नाही. हा रिकामा रकाना फार कामाचा असतो. मीटिंगमध्ये जास्त बोलणाऱ्याने त्या विषयावर एकही प्रश्न विचारलेला नव्हता, हे तिथेच दिसतं.

@मधला_बाक, सरासरीने आवाज जात नाही, तो आकड्यात शिरतो. ठाम बोलणारे बहुतेकदा १ आणि ४ देतात, सावध माणसं २ आणि ३. सरासरीत टोकाचा आकडाच जास्त ओढतो. शिवाय ४, ४, १, १ आणि ३, २, ३, २ या दोन्हींची सरासरी अडीचच येते, पण पहिल्या उमेदवाराबद्दल बोलायला हवं आणि दुसऱ्याबद्दल फारसं नाही. आकडे कुठे बोलायचं हे सांगतात, काय ठरवायचं हे नाही.

मधला_बाक
टोकाच्या आकड्यांचं पटलं. मग गुप्त मतदान घ्या. कोणी काय दिलं हेच कळलं नाही तर दबाव कुणाचा येणार?

सुलभा_का
देताना गुप्त हवंच. मीटिंगमध्ये मात्र नावासकट उघडायचं. "हा १ कशावरून दिला?" हे विचारायला तो कुणाचा आहे ते माहीत लागतं. निनावी १ ला कुणी प्रश्न विचारू शकत नाही आणि तो तसाच राहतो.

आता मीटिंग. तीन उमेदवारांना ५० मिनिटं धरा. पहिली पाच मिनिटं कुणी बोलायचं नाही, चारही फॉर्म समोर ठेवून वाचायचे. आकडे तोंडी विचारत फिरू नका, नाहीतर पहिल्याचं ऐकून दुसरा आपला सांगताना हळूच बदलतो. मग प्रत्येक उमेदवाराला बारा मिनिटं, उरलेली निर्णयाला. बारा मिनिटांत सगळ्या निकषांवर बोलू नका. जिथे दोन किंवा जास्त गुणांचा फरक आहे तिथेच थांबा.

बोलण्याचा क्रम तुम्ही ठरवायचा. त्या निकषावर ज्याने सगळ्यात जास्त विचारलं तो आधी. दोघं सारखेच असतील तर ज्युनियर आधी. मॅनेजर शेवटी, कारण ते बोलले की चर्चा तिथेच संपते, आणि सीनियर त्यांच्या आधी. ज्याने विचारलं त्याला आधी बोलवण्याचं कारण नुसता मान राखणं नाही. १९८५ मध्ये स्टासर आणि टायटस यांनी दाखवलं की गट जी माहिती सगळ्यांना आधीच आहे तीच घोळवत बसतो, एकट्याकडे असलेली पुढे येतच नाही. तुमच्या ज्युनियरने टीममधल्या भांडणाबद्दल विचारलं असेल आणि बाकी कुणी नसेल, तर तुम्ही काढून घेतल्याशिवाय ते उत्तर टेबलावर येणार नाही.

रेवा_एच
क्रम लक्षात आला. पण ते मध्येच तोडतील तेव्हा काय? आणि दोन गुणांचा फरक आला की नेमकं काय बोलायचं, एखादं उदाहरण द्याल का?

सुलभा_का
तोडलं की वाद घालायचा नाही. "सर, हे लिहून घेतलंय, तुमची पाळी आली की इथूनच सुरू करू. आधी हिचं पूर्ण होऊ दे." आणि खरोखर लिहा, त्यांना दिसेल असं. बऱ्याचदा माणूस तोच मुद्दा तीनदा बोलतो, कारण तो नोंदला गेलाय याची खात्री नसते.

उदाहरण तुमच्याच दुसऱ्या उमेदवाराचं धरू. "अडचण शोधणं" या निकषावर सीनियर १, मॅनेजर ३, ज्युनियर ३, दुसऱ्या टीमची लीड "विचारलं नाही". ज्युनियर आधी: ग्राहकाची सिस्टीम मंद झाली असा प्रश्न दिला, त्याने आधी दोन गोष्टी विचारल्या, कधीपासून आणि सगळ्यांना की काहींनाच, मग पायऱ्या सांगितल्या. आता सीनियर: "आत्मविश्वास नव्हता, लगेच उत्तर येत नव्हतं." इथे तुमचं वाक्य एकच: "तो नेमकं काय म्हणाला?" बहुधा दिसेल की दोघं एकाच गोष्टीबद्दल बोलताहेत. थांबून प्रश्न विचारणं एकाला कमजोरी वाटलं, दुसऱ्याला चांगली सवय. मग फॉर्मवर ३ च्या पुढे आधी काय लिहून ठेवलंय ते वाचा. तिथे "उत्तराआधी माहिती गोळा करतो" असेल तर आत्मविश्वासाचा मुद्दा तिथेच संपला.

पण लगेच पुढे जाऊ नका. आणखी एकदा विचारा: "याशिवाय १ देण्यासारखं काही?" समजा ते म्हणाले, लॉग न बघताच चालू सर्व्हर रीस्टार्ट करू असं तो म्हणाला. आता हा खरा पुरावा आहे, आणि तो बाकी दोघांकडे नाही, कारण त्यांनी तो प्रश्नच विचारला नव्हता. कदाचित सीनियरचा गुण २ वर येईल, कदाचित ज्युनियरचा ३ सुद्धा खाली येईल. त्यांना गप्प बसवलं असतं तर हे बाहेरच आलं नसतं. "दम नाही" या वाक्यामागे काही होतं की नाही, तेवढंच काढायचं आहे.

निशिगंध
सुलभाताईंशी बरंचसं सहमत, पण गुण खाली येईल म्हणता तिथे अडतं. मीटिंगमध्ये गुण बदलूच द्यायचे नाहीत. एकदा बदलायची मुभा दिली की ज्युनियर सीनियरकडे बघून ३ चा २ करते आणि तुम्ही पुन्हा मूळपदावर. मूळ आकडा कायम, नवं कळलेलं खाली टिपणात.

सुलभा_का
मूळ आकडा पुसायचा नाही, हे मान्य. शेजारी दुसरा रकाना ठेवा: बदललेला गुण आणि कुठल्या पुराव्यामुळे बदलला. कारणाच्या जागी "चर्चेनंतर" लिहिलं असेल तर तो बदल धरू नका. पण अजिबात बदलायचा नाही म्हटलं तर रीस्टार्टची गोष्ट ऐकूनही ज्युनियरने ३ वरच बसायचं का? ते मला पटत नाही.

निशिगंध
तिने आपला ३ आपण विचारलेल्या प्रश्नावर दिलाय, तो तिथे बरोबरच आहे. दोन्ही पुरावे जोडणं हे निर्णय घेणाऱ्याचं काम. असो, या मुद्द्यावर आपलं जमणार नाही.

रेवा, एक गोष्ट राहिली. मीटिंगच्या सुरुवातीलाच सांगा की निर्णय कोणाचा. इथे मॅनेजरचा, बहुमताचा नाही. ते न सांगितल्यामुळे सीनियर इंजिनीअरना वाटतं की आपल्यालाच पटवायचंय, आणि ते जोर लावतात. शेवटी मॅनेजरने दोन ओळी लिहायच्या: कोणाला घेतलं आणि कुठल्या निकषावरची शंका ठाऊक असूनही घेतलं. ही दुसरी ओळ असली की एकट्या पडलेल्याचं म्हणणं दाबलं गेलं असं वाटत नाही.

तात्या_लेखणी
आणि मॅनेजरच सगळ्यात मोठ्याने बोलणारे असतील तर?

निशिगंध
मग ही अर्धीच पद्धत चालते. फॉर्म आधी, बोलणं शेवटी, एवढं ते पाळतील. निर्णय त्यांचाच राहतो, पण इतर तिघांचा लेखी पुरावा वाचूनच तो घ्यावा लागतो. त्यापुढचं त्यांच्या वरिष्ठांच्या हातात.

रेवा_एच
फॉर्म आज रात्री चौघांना पाठवते, चार निकष आणि "विचारलं नाही" रकान्यासह. बदललेल्या गुणाचा रकाना ठेवते आहे, मूळ आकडा न पुसता. सीनियर सरांना मीटिंगआधी क्रमाबद्दल वेगळं सांगू की सगळ्यांसमोरच?

सुलभा_का
आधी, एकट्यात, आणि दोन मिनिटांत. "सर, तुमचं मत आधी आलं की बाकीचे तेच म्हणतात, मला त्यांचं वेगळं ऐकू येत नाही. म्हणून तुम्हाला शेवटून दुसरं घेते." सगळ्यांसमोर पहिल्यांदा सांगितलं तर ते वेळ क्रमावर वाद घालण्यातच घालवतील. आणि एखाद्याचा फॉर्म परवा सकाळपर्यंत आला नाही तर मीटिंग अर्धा तास पुढे ढकला, त्याला तिथेच बसून भरू दे. एकदा ढकलली की पुढच्या वेळी फॉर्म वेळेवर येतात.