मदत हवी आहे: तासावर मजुरी स्वस्त पडते, मग नगावर कोण कशाला देतं?

पेपर_जवळ_आलाय: कॉस्टिंगच्या एका गणितात डोकं अडकलंय. तासाला 100, दिवस 8 तासांचा, रोज 40 नग, म्हणजे नगामागे मजुरी 20. त्याच माणसाने 50 काढले तर तासाच्या हिशोबात नगामागे 16 च पडतात, पण पीस रेट 20 धरला तर कितीही काढा 20 च. मग मालकाला पीस रेटचा फायदा काय? का माझंच चुकतंय?

जुना_सुपरवायझर: तासावर पैसे दिले की लोक टिवल्याबावल्या करतात, नगावर दिले की हात आपोआप चालतो. पीस रेटच स्वस्त, डोळे झाकून.

कॉलरवाली: घरी बसून शिवणकाम करायचंय का तुम्हाला? मी नगावर कॉलर शिवते. परवा कापडच दुपारी आलं, अर्धा दिवस फुकट. मग घाई केली तर टोकं नीट उलटली नाहीत, सात कॉलर परत. उसवून पुन्हा शिवा, त्याचे पैसे नाहीत.

आकडेमोड: गणित बरोबर आहे रे, पण तासावर 50 निघतील हे गृहीत का धरलंस? 40 काढले काय नि 50 काढले काय, हातात 800 च, मग तो कशाला मरमर करेल? उलट 32 वर आला तर नगामागे 25. पीस रेटला 50 काढले तर त्याला 1000 मिळतात, म्हणून तो काढतो. आणि मशीनचा रोजचा खर्च 400 धर, 40 नगांवर तो 10 पडतो, 50 वर 8. म्हणजे मजुरी 20 च राहिली तरी एकूण 30 चे 28 झाले, मालकाचा फायदा तिथे आहे.

सुपरवायझर, डोळे झाकून नको. ताईंचा अर्धा दिवस गेला तो भुर्दंड तासावर असता तर मालकाच्या अंगावर आला असता. आणि परत आलेल्या नगात माल वाया गेला, तपासायला वेगळा माणूस ठेवावा लागला तर ते 2 कुठल्या कुठे जातील.

पेपर_जवळ_आलाय: ओके!! मग हाल्सीची बोनस पद्धत हा मधला मार्ग का? नगाला 12 मिनिटं धरली तर 50 नग म्हणजे 10 तासांचं काम, केलं 8 तासांत, वाचलेल्या 2 तासांचे अर्धे बोनस, एकूण 900, नगामागे 18?

आकडेमोड: हो, आणि 40 च झाले तरी 800 कुठे जात नाहीत.

जुना_सुपरवायझर: पण ती 12 मिनिटं ठरवणार कोण? आमच्याकडे पोरं 50 काढायला लागली तसा साहेबाने रेट 20 चा 17 केला, दुसऱ्या आठवड्यापासून सगळे बरोबर 42 वर थांबायचे.

कॉलरवाली: आम्ही पण तेच करतो 😄