मदत हवी आहे: अमेरिकेच्या विद्यार्थी व्हिसाला २२१(जी) ची, म्हणजे व्हिसा तूर्त रोखल्याची चिठ्ठी मिळाली, २४ ऑगस्टला सुरुवात. प्रवेश जानेवारीवर ढकलू का?

पुणेकर_पदार्थविज्ञान: सेमीकंडक्टर मटेरियल्समध्ये पीएचडी, अमेरिका. ९ जुलैला मुंबईत मुलाखत झाली. दोनच मिनिटं. "नेमकं काय बनवणार?" एवढं विचारलं आणि पासपोर्टसोबत चिठ्ठी परत. सीव्ही, संशोधनाचा आराखडा आणि गाइडची माहिती मागितली, ती त्याच रात्री मेल केली. आता साइटवर Refused दिसतंय. आई तर रडायलाच लागली. तिकीट १८ ऑगस्टचं आहे. किती दिवस वाट बघू?

घाटावरचा: Refused म्हणजे नाकारलाच की. नवीन फॉर्म भर, फी भर, पुन्हा मुलाखत दे.

सातारकर_ताई: आमच्या मुलाला ब्रिटनसाठी एटीएएस, म्हणजे संशोधनाच्या विषयाला मंजुरीचं सर्टिफिकेट लागलं होतं. ते आधी काढा, मगच व्हिसा.

जुना_डॉक्टरेट: ताई, ते ब्रिटनचं. अमेरिकेत असं सर्टिफिकेट आधी काढता येत नाही, विषयाची तपासणी मुलाखतीनंतरच सुरू होते. आणि घाटावरचे, तपासणी चालू असतानाही साइट Refused च दाखवते. नवा अर्ज केला तर नवी मुलाखत आणि पुन्हा पहिल्यापासून सगळं.

पुणेकर, ही तपासणी कधी संपेल ते कोणी सांगू शकत नाही, म्हणून तारीख उलटी मोजायची. डिपार्टमेंटला लेखी विचार: उशिरात उशिरा कधी पोचलो तर चालेल? समजा ४ सप्टेंबर म्हणाले. मंजुरीनंतर पासपोर्ट जमा करून, शिक्का होऊन परत यायला आठवडाभर धर, वर प्रवास. म्हणजे २५ ऑगस्टपर्यंत हालचाल नसेल तर त्याच दिवशी विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयाला आय-२०, म्हणजे व्हिसासाठीचं प्रवेशाचं पत्र, जानेवारीवर न्यायला सांग. गप्प बसून तारीख उलटू दिलीस तर सेव्हिस या अमेरिकी सरकारच्या विद्यार्थी यादीतली नोंदच रद्द होऊ शकते. वेळेत ढकलली तर सेव्हिस क्रमांक तोच राहतो, सेव्हिसची फी पुन्हा भरावी लागत नाही. नवा आय-२० दूतावासाला मेल कर. आणि तिकीट तारीख बदलता येईल असंच ठेव.

आराखड्यात काय लिहिलंस?

पुणेकर_पदार्थविज्ञान: गाइडच्या ग्रँटमधला परिच्छेद जसाच्या तसा डकवला.

जुना_डॉक्टरेट: अरेरे. त्यात "संरक्षण क्षेत्रातील उपयोग" असलं काही होतं का? ग्रँट मिळवायला लोक लिहितात तसं. तू स्वतः काय करणार, कुठल्या मशीनवर, पैसा कोणाचा, हे साध्या भाषेत एका पानात हवं होतं. आता आपणहून दुसरं पाठवू नकोस. मागितलं तर दे, पण खरं तेच.

पुणेकर_पदार्थविज्ञान: होतं, एक वाक्य. असो. गाइड म्हणाले, त्यांच्या ग्रँटमधली असिस्टंटशिप जानेवारीतही मिळेल, पण फेलोशिपचं ऑफिसला विचारावं लागेल. शिवाय मुख्य विषय फक्त फॉलमध्येच शिकवतात, म्हणजे क्वालिफायर वर्षभर लांबणार. तोवर इथूनच डेटाचं काम सुरू केलं तर?

जुना_डॉक्टरेट: पगारावर की फुकट, आणि निर्यात नियंत्रणात काय बसतं, हे विद्यापीठाकडूनच लेखी घे. माझ्या वेळी गाइड हो म्हणाले होते, ऑफिस नाही म्हणालं.

सातारकर_ताई: फेलोशिपचं उत्तर आलं की इथे टाक रे. भाचीचाही याच महिन्यात इंटरव्ह्यू आहे, रोबोटिक्स.