लग्नाच्या तोंडावर पार्लर: तुमच्या चेहऱ्याचं काय झालं? (अनुभव सांगा)

रेवती
भाचीचं लग्न 24 एप्रिलला आहे. काल तिचा फोन आला. "मावशी, हळदीच्या आदल्या दिवशी ब्लीच, फेशियल, व्हॅक्स सगळं एकाच बैठकीत करून देते म्हणते, पॅकेज आहे." ऐकूनच पोटात गोळा आला. नको म्हटलं, पण काहून नको ते फोनवर धड सांगता आलं नाही. म्हणून इथं लिहिते.

माझं लग्न मे महिन्यातलं. रविवारी लग्न, शनिवारी हळद. गुरुवारी दुपारी एसटीनं तालुक्याला गेले. तोवर भुवयांशिवाय चेहऱ्याला कधी काही केलेलं नव्हतं. आधी भुवया आणि वरच्या ओठाचं थ्रेडिंग झालं, त्यावरच ब्लीच लावलं. दोन मिनिटांत चुरचुरायला लागलं. सांगितलं तर बाई म्हणे, "थोडं लागतंच, काम करून राहिलं ते." तिनं पंखा माझ्याकडे वळवला. पंधरा मिनिटांनी पुसलं आणि लगेच वाफ, वरून स्क्रब. परतीच्या बसमध्ये खिडकीतून झळ लागत होती आणि ओठावर कोणी निखारा ठेवल्यासारखं वाटत होतं.

रात्री ओठावर लाल पट्टी उठली. शुक्रवारी तिथली कातडी तपकिरी आणि कडक झाली. शनिवारी आजीनं नेहमीसारखी लिंबू पिळून हळद कालवली. पहिल्या काकूचा हात ओठाजवळ आला आणि मी किंचाळले. हळदीच्या फोटोत माझे डोळे भरलेले आहेत. लोकांना वाटतं, माहेर सुटून राहिलं म्हणून रडते. तो डाग दिवाळीपर्यंत गेला नाही.

तुम्ही काय केलं होतं आणि लग्नाच्या किती दिवस आधी? भाचीला हा धागाच वाचायला देणार आहे.

पुसदची पोट्टी
माझ्या बहिणीनं हळदीच्या आदल्या दिवशी पहिल्यांदा पाठीचं व्हॅक्स केलं. ब्लाऊज मागून मोकळा शिवलेला. सकाळी पाठभर बारीक पुटकुळ्या. शेवटी पूर्ण वेळ पदर मागून ओढून बसली. बाकी ताई, 24 तारखेला आमच्याकडेपण लग्न आहे, बँडवाला मिळून नाही राहिला.

माधुरी, आर्वी
मी चौदा वर्षांपासून घरीच पार्लर चालवते, म्हणून जरा सविस्तर लिहिते. स्वयंपाक चालू आहे, चुका माफ करा.

रेवतीताई, तुमचं जे झालं ते भाजणं. थ्रेडिंगनं केसासोबत कातडीचा वरचा पापुद्राही निघतो. त्या उघड्या जागेवर ब्लीच गेलं की ते आत चावतं. वरून वाफ आणि स्क्रब म्हणजे जखम घासणं. मी थ्रेडिंग आणि ब्लीच एकाच दिवशी करतच नाही, मधे किमान तीन दिवस ठेवते. आणि चुरचुरलं की घड्याळ बघायचं नाही, लगेच थंड पाण्यानं धुवायचं. उन्हाळ्यात तर डब्यावरच्या वेळेआधीच काढते.

दुसरी गोष्ट ॲलर्जीची. ती वेगळी असते आणि लग्नात तीच जास्त फसवते. भाजलं तर तिथंच, त्याच तासात कळतं आणि जेवढं लावलं तेवढ्याच जागी राहतं. ॲलर्जी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उठते, आगीपेक्षा खाज जास्त, आणि लावलं त्याच्या बाहेरही पसरते. केसांना रंग लावला डोक्यावर आणि सुजल्या पापण्या, असं मी डोळ्यांनी पाहिलं आहे. म्हणजे गुरुवारी केलेल्या रंगाचा निकाल शनिवारी, ऐन हळदीत लागतो.

म्हणून मी नवरीला दिवस लग्नापासून नाही, हळदीपासून मोजायला लावते. आपल्याकडे हळद, लिंबू, बेसन, चिकसा सगळं त्याच दिवशी घासतात.

गजानन
पोट्ट्यांचंही सांगतो. माझ्या चुलतभावानं दाढी काळी करायला सलूनमध्ये पाकिटातली काळी मेंदी लावली, वरातीच्या दोन दिवस आधी. दुसऱ्या दिवशी गाल सुजले, दाढीतून पाणी यायला लागलं. ग्रामीण रुग्णालयात सुई-गोळ्या झाल्या. दाढी भादरता येईना आणि ठेवताही येईना. नवरदेव तोंडाला रुमाल बांधून घोड्यावर. आम्हाला तेव्हा हसू आलं होतं, आता त्याचं वाईट वाटतं. गंमत अशी की तीच मेंदी त्यानं वर्षभरापूर्वी एकदा लावली होती, तेव्हा काहीच झालं नव्हतं!

माधुरी, आर्वी
गजाननदादा, तसंच होतं. पहिल्या वेळी शरीर फक्त ओळख ठेवतं, भांडण पुढच्या वेळी करतं. एकदा उठलं की जन्मभर. भावाला सांगा, केसांचा काळा रंगही लावू नको, त्यातही बहुतेक तेच रसायन असतं. खऱ्या मेंदीचा रंग काळा नसतोच. ती लालसर तपकिरी असते आणि दीड-दोन दिवसांत गडद होते. तासाभरात काळाभोर रंग देणारा कोन नवरीच्या हातावर मी लावत नाही, भांडली तरी.

स्वाती_वाशीम
म्हणूनच मी फक्त हर्बल आणि अमोनिया नसलेलं घेते. त्याला टेस्ट लागत नाही. घरचं उटणं तर कधीच नाही त्रास देत.

माधुरी, आर्वी
स्वातीताई, अमोनिया नसला की वास आणि झोंबणं कमी होतं, हे खरं आहे. पण ॲलर्जी देणारा रंग त्यातही असू शकतो. भाजणं टळलं म्हणजे ॲलर्जी टळली असं नाही ना. टेस्ट कराच. कोपराच्या आतल्या बाजूला किंवा कानामागे थेंबभर लावायचं आणि दोन दिवस बघायचं. तासाभरात काही झालं नाही म्हणून सोडून देऊ नका.

स्वाती_वाशीम
हो का, मी तर अर्ध्या तासात धुवून टाकते. पण उटण्याचं मी मानत नाही हं.

कुसुम काकू
उटण्याचं मी सांगते. आमच्या लेकीची हळद मांडवाबाहेर, सकाळी अकराच्या उन्हात झाली. हळदीत लिंबं भरपूर. मानेवरून ओघळ आले होते, नेमके त्याच ओघळांसारखे काळे पट्टे दोन दिवसांनी उठले. डॉक्टर म्हणाले, लिंबाचा रस अंगावर असताना ऊन लागलं की असं होतं. दोन महिने लागले जायला. आता आमच्या घरी हळद दह्यात कालवतो आणि सावलीतच लावतो.

निलेश
नमस्कार, लग्नाला तीन आठवडे उरले, आठ किलो कमी करायचे आहेत. काय खावं?

पुसदची पोट्टी
दादा, धागा चेहऱ्याचा आहे 😄 पण शेरवानी शिवून झाली असेल तर आहे तसेच राहा.

अर्चना
मी कापूस वेचायला जाते. बोटांना बोंडाच्या टोकांनी चिरा पडल्या होत्या, नखाच्या कडा काळ्या. लग्नाच्या आठवड्यात कोणी म्हणालं लिंबू-साखर घास. चिरांमध्ये आग आग झाली. मग आईनं रोज रात्री कोमट पाण्यात हात बुडवून खोबरेल लावलं आणि जुने सुती मोजे घालून झोपवलं. तीन आठवडे केलं असतं तर बरे झाले असते, पण आम्ही सुरूच केलं पाच दिवस आधी. मेंदी चिरांमध्ये गडद भरली, त्या रेघा फोटोत दिसतात.

प्रशांत (मेडिकलवाला)
एक विनंती सगळ्यांना. लग्नसराईत पोरी येतात, "गोरं करणारी ट्यूब द्या" म्हणतात, मैत्रिणीनं दिलेलं रिकामं पाकीट दाखवतात. त्यात बऱ्याचदा स्टेरॉईड असतं. सुरुवातीला आठवड्यात चेहरा खरंच उजळतो, तिथंच फसगत होते. काही आठवडे रोज लावलं की कातडी पातळ होते, पुटकुळ्या येतात, बारीक केस वाढतात. आणि बंद केलं की चेहरा लालबुंद होऊन जळतो, म्हणजे नेमकं लग्नात बंद केलं तर लग्नातच. 2018 मध्ये सरकारनं अशा बऱ्याच मलमांना डॉक्टरांची चिठ्ठी सक्तीची केली. मी देत नाही, पण बाहेर मिळतात हे नाकारत नाही. आधीच लावत असाल तर मनानं एकदम बंद करू नका, त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा.

रेवती
बापरे, प्रशांतदादा, भाची अशी एक ट्यूब लावते असं तिच्या आईनं सांगितलं होतं. आज विचारते. माधुरीताई, 24 एप्रिलला लग्न, 23 ला हळद. तुम्ही तिच्या जागी कसं कराल?

माधुरी, आर्वी
नवं काही करून बघायचं असेल तर ते फेब्रुवारीतच. ब्लीच, नवा साबण, केसांचा रंग, एका वेळी एकच, म्हणजे बिघडलं तर कशानं ते कळतं. आपल्या सावळ्या कातडीला भाजलं की मागे डाग राहतो आणि तो महिनोन्महिने जात नाही, म्हणून एवढं आधी. मार्चमध्ये जे सोसलं तेच पुन्हा करायचं. केसांचा रंग 8 एप्रिलच्या आसपास. फेशियल करायचंच असेल तर 15-16 ला, आधी दोनदा केलेलंच. हातापायाचं व्हॅक्स आणि भुवया 19-20 ला, म्हणजे लाली आणि पुटकुळ्या 23 पर्यंत बसतात. व्हॅक्सनंतर दोन दिवस घट्ट कपडे आणि ऊन नको, शेतात तर नकोच. 21 ला फक्त मेंदी. 22 ला झोप.

ब्लीच मात्र मी तिला मुळात करूच नको म्हणेन. पण हे माझं मत, बऱ्याच पार्लरवाल्या दहा दिवस आधी करतात आणि त्यांच्या नवऱ्यांना काही होत नाही. नवऱ्या म्हणजे नवरी मुली 🙂

गजानन
ताई, एवढं करूनही ऐन वेळी सुजलं तर?

माधुरी, आर्वी
थंड पाण्यानं धुवा, साबण नको, ओल्या सुती कपड्याच्या घड्या ठेवा. वरून टूथपेस्ट, हळद, मुलतानी काही नको. मेकअपनं झाकायची घाई नको. खाजेची गोळी डॉक्टरांना विचारून. ओठ, जीभ सुजली किंवा श्वास लागला तर पाहुणे बघू नका, थेट दवाखाना.

सुरेखा_उमरखेड
ते 19-20 ला व्हॅक्स मला नाही पटलं. माझे केस तीन दिवसांत टोचायला लागतात. मी आदल्या दिवशीच करते, नेहमी करते आणि काही होत नाही.

माधुरी, आर्वी
नेहमीच्या माणसाला चालेल, सुरेखाताई. पहिल्यांदा करणारीला नाही. भाजी लागली वाटतं, येते.

रेवती
सगळ्यांना एक सांगायचं राहिलं. भाचीनं परवा रात्री केसांचा रंग कानामागे थेंबभर लावला होता. काल काहीच नव्हतं म्हणून खूश होती. आज सकाळी फोटो पाठवला, रुपयाएवढा लाल डाग आणि खाज. ट्यूबही दोन महिने लावली, असं कबूल केलं. उद्या यवतमाळला त्वचेच्या डॉक्टरांकडे नेते. वहिनी म्हणते केस काळे नाही केले तर पांढरे दोन फोटोत दिसतील. मी म्हटलं, दिसू दे. अजून वाद चालू आहे.

पुसदची पोट्टी
मावशी, गजरा त्या बाजूनं लावा. आणि तुमचा बँडवाला कोण, नंबर द्या न.